न चाखता खीर: पितृपक्षातल्या 40 पानांच्या ऑर्डरसाठी मोजून केलेली तांदळाची खीर



घरगुती जेवणाच्या ऑर्डर घेणाऱ्यांना भाद्रपदातल्या पितृपक्षात एक फोन हमखास येतो. "ताई, आमच्याकडे श्राद्ध आहे, 40 पानं आहेत. खीर तुम्ही करून द्याल का? अकरापर्यंत हवी." तुम्ही हो म्हणता. घरची खीर तुम्हाला छान जमते, मग त्यात काय अवघड?

अवघड एवढंच, की ही खीर नैवेद्याची आहे. पान वाढून नैवेद्य होईपर्यंत ती चाखायची नाही. घरी आपण काय करतो? चमचाभर तोंडात टाकतो, साखर कमी वाटली तर घालतो, पातळ वाटली तर आणखी आटवतो. इथे तो मार्ग बंद. आणि दूध बुडाला लागलं किंवा नासलं, तर साडेनऊ वाजता परत सुरुवात करायला वेळ नसतो. दूध 70 रुपये लिटर धरलं तर 5 लिटरचे 350, आणि तांदूळ, साखर, तूप, चारोळी, वेलची, गॅस धरून साधारण 500 रुपयांचा माल. पैसे एकवेळ भरून निघतील, पण ज्यांच्या घरी नैवेद्य थांबला ते पुढच्या वर्षी फोन करणार नाहीत.

म्हणून आज शिकायचं आहे ते हे: जिभेचं काम वजनाकडे, खुणेकडे आणि डोळ्याकडे सोपवायचं. ही पद्धत एकदा बसली की इतर दिवशीच्या ऑर्डरलाही खीर दरवेळी तशीच उतरते.

आपलं माप

40 पानं, प्रत्येकी साधारण 125 ग्रॅम, म्हणजे 5 किलो तयार खीर. त्यासाठी:

- फुल क्रीम दूध 5 लिटर
- आंबेमोहोर तांदूळ 250 ग्रॅम
- साखर 450 ग्रॅम
- तूप 2 मोठे चमचे
- वेलची, जायफळ, चारोळी, बेदाणे तुमच्या रीतीप्रमाणे

पातेलं जाड बुडाचं, 9 ते 10 लिटरचं घ्या. दूध उकळताना वर येतं, त्यामुळे निम्मं पातेलं रिकामं हवं.

आता आदल्या दिवशीच एक काम करा. पातेल्यात 4 लिटर पाणी मोजून ओता, लांब लाकडी उलथनं उभं धरून बुडाला टेकवा आणि पाणी जिथे लागेल तिथे सुरीने बारीक खाच पाडा. मग आणखी पाऊण लिटर पाणी घालून दुसरी खाच पाडा. पहिली खाच दूध किती आटवायचं ते सांगेल, दुसरी तयार खीर किती झाली ते सांगेल. या खाचा फक्त त्याच पातेल्याच्या, पातेलं बदललं की खाचा नव्याने.

दूध नासणार असेल तर ते आधीच कळलं पाहिजे

दूध उकळल्यावर फाटतं ते बहुतेक वेळा आधीच आंबायला लागलेलं असतं. थंड असताना ते दिसायला चांगलं असतं, वासही फारसा येत नाही. पण आंबटपणा थोडा वाढलेला असला की उष्णता लागताच त्यातलं प्रथिन गोळा होतं आणि पाणी सुटतं. भाद्रपदातल्या दमट उन्हात दुकानाबाहेर तासभर पडलेल्या क्रेटमधल्या पिशव्यांचं हे सहज होऊ शकतं.

त्यामुळे पाचही लिटर दूध एकदम पातेल्यात ओतायचं नाही. प्रत्येक पिशवीतलं दोन चमचे दूध छोट्या वाटीत घेऊन खळखळून उकळा. वाटी तिरकी करून बघा. कडेला पांढरे बारीक कण चिकटलेले दिसले किंवा दूध कणीदार झालं, तर ती पिशवी बाजूला. डेअरीत दूध घेतानाही दूध उकळून बघण्याची अशीच चाचणी करतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते खिरीत जाणारं दूध नाही, त्यामुळे नैवेद्याचा प्रश्न येत नाही. कालचं उरलेलं दूध आजच्यात मिसळू नका. एक लिटर जुनं दूध बाकीचे चार लिटर घेऊन जातं.

दुसरं कारण भांड्यात असतं. ज्या पळीने सकाळी ताक ढवळलं, ज्या गाळणीला लिंबाचा रस लागलाय, ती नुसती विसळून वापरली तर दुधाला तेवढंही पुरतं. खिरीचं पातेलं, उलथनं आणि गाळणी वेगळीच ठेवा.

तिसरं कारण गूळ. काही घरांत श्राद्धाच्या खिरीला गूळच लागतो. गुळात थोडा आंबटपणा असतो, प्रत्येक ढेपेचा कमी-जास्त, आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटू शकतं. अशा ऑर्डरला खीर गोडाशिवाय आणि जरा दाटसर द्या. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, वेगळ्या डब्यात द्या. वाढण्याआधी खीर कोमट झाली की त्यांनी तो ढवळत घालायचा आणि पुन्हा गॅसवर ठेवायची नाही, हे नीट सांगा. त्याच ढेपेचा गूळ आदल्या दिवशी वाटीभर कोमट दुधात घालून बघितला असेल तर तुम्हालाही निर्धास्त झोप लागेल.

आणि चिमूटभर सोडा? त्याने दुधाचा आंबटपणा झाकला जातो, दूध ताजं होत नाही. विकायच्या खिरीत तो नकोच.

दूध बुडाला का लागतं

दूध तापून साधारण 70 अंशांच्या वर गेलं की त्यातली काही प्रथिनं घट्ट होऊ लागतात. पातेल्याचं बूड दुधापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं, म्हणून सगळ्यात आधी ती तिथे चिकटतात. पातळ थर बसतो. त्या थरामुळे खालची उष्णता वरच्या दुधात नीट जात नाही, थर आणखी तापतो, दुधातल्या साखरेसकट आधी तपकिरी होतो, मग काळा. करपल्याचा वास येतो तेव्हा थर बसून बराच वेळ झालेला असतो.

यावर खरा उपाय दोनच. आच बुडाच्या मधोमध एकवटू द्यायची नाही, आणि बूड सतत खरवडत राहायचं. पातेल्याचं बूड पातळ असेल तर खाली जुना लोखंडी तवा ठेवा, आच पसरते. ओतण्याआधी पातेलं पाण्याने विसळून ओलंच ठेवतात, त्याने सुरुवातीला थोडी मदत होते, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ढवळायला गोल पळी नको, कारण ती बुडाला एका ठिपक्यावर टेकते. सपाट कडेचं लाकडी उलथनं घ्या. आधी कडेकडेने एक फेरा, मग मधोमध आडव्या रेघा, शेत नांगरल्यासारख्या.

उलथन्यावर हाताला काय जाणवतं ते लक्षात ठेवा. बूड स्वच्छ असेल तर उलथनं गुळगुळीत सरकतं. ते अडखळू लागलं, खरखर जाणवली, की थर बसतोय. लगेच आच कमी करा आणि त्या जागी हलकेच सरकवत राहा. इथपर्यंत दूध पूर्ण वाचतं.

पण करपल्याचा वास आला असेल तर उलटं करायचं. खरवडणं ताबडतोब बंद. गॅस बंद. वरचं दूध न ढवळता हळूच दुसऱ्या पातेल्यात ओता आणि तळाचं बोटभर दूध तसंच सोडून द्या. नव्या पातेल्यातल्या दुधाला धुराचा वास राहिलाय का ते बघा. राहिला असेल तर ते दूध ऑर्डरला द्यायचं नाही. वेलची, जायफळ, केशर, कशानेही तो वास झाकला जात नाही, उलट गोडात जास्त जाणवतो.

तांदूळ कच्चा दुधात टाकू नका

घरी बरेच जण भिजवलेला तांदूळ थेट दुधात टाकतात. लिटरभर दुधाला चालतं. 5 लिटरला ते धोक्याचं, कारण कच्चा तांदूळ आणि त्याचा स्टार्च तळाला जाऊन बसतो आणि दुधाच्या थराला खळ मिळते. शिवाय दाणा मऊ व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तुम्ही पातेल्याजवळून हलू शकत नाही.

आपण दोन्ही कामं वेगळी करू. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा, निथळा, तुपावर दोन-तीन मिनिटं परता. मग 600 मिली पाणी घालून कुकरला मऊ शिजवा. गरम असतानाच डावाने घोटा, पण पेस्ट करू नका, अर्धे दाणे मोडलेले आणि अर्धे अख्खे राहू द्या. साधारण 800 ग्रॅम भात होतो.

इकडे फक्त दूध मध्यम आचेवर उकळी येईपर्यंत तापवा. नंतर आच कमी करून मंद बुडबुडे येत राहतील अशी ठेवा आणि आटवा. दर दोन-तीन मिनिटांनी बूड खरवडायचं. वर आणि कडेला येणारी साय मऊ असतानाच आत ढकला, वाळली की तिचे तपकिरी तुकडे खिरीत दिसतात. अर्ध्या-पाऊण तासाने गॅस क्षणभर बंद करा, फेस खाली बसू द्या आणि उलथनं उभं धरून बघा. दूध पहिल्या खाचेला आलं, म्हणजे 5 लिटरचे 4 लिटर झाले. यापेक्षा जास्त आटवू नका. बासुंदीची चव यायला लागते आणि पुरीबरोबर ती जड होते.

आता घोटलेला भात थोड्या गरम दुधात कालवून, गुठळ्या मोडून मग पातेल्यात सोडा. इथून पुढची 20 मिनिटं मात्र हात थांबवायचा नाही. भात गेला की बुडाला लागण्याचा धोका परत वाढतो.

दाटपणा: पातेल्यात नाही, ताटलीत बघा

खिरीला दाटपणा दोन गोष्टींनी येतो. दूध आटल्याने येतो तो मऊ, जिभेवर पसरणारा. तांदळाच्या स्टार्चने येतो तो पकडून ठेवणारा, आणि जास्त झाला तर पिठूळ, चिकट. घाईत दूध कमी आटवून तांदूळ वाढवला तर खीर दिसायला दाट असते, पण खाणाऱ्याला पेज खाल्ल्यासारखं वाटतं. म्हणून दूध आधी आटवलं आणि तांदूळ मोजून घातला.

तांदूळ बदलला की हे गणितही बदलतं. इंद्रायणी जास्त चिकट, नवा तांदूळ जुन्यापेक्षा चिकट. एक जात, शक्यतो एक दुकान धरून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. उकळती खीर नेहमी पातळ दिसते. निवताना स्टार्च घट्ट होतो आणि तांदूळही दूध पीत राहतो. पातेल्यात "आता मस्त दाट झाली" असं वाटलं, तर पानात ती गोळा होऊन पडेल. म्हणून नमुना त्या तापमानाला आणून बघायचा ज्या तापमानाला लोक ती खाणार आहेत. श्राद्धाच्या पानात खीर कोमट असते. एक डावभर खीर स्टीलच्या ताटलीत घाला, ताटली परातीतल्या थंड पाण्यावर ठेवा आणि दोन-तीन मिनिटांत कोमट होऊ द्या. मग ताटली तिरकी करा.

खीर पाण्यासारखी धावली आणि दाणे मागे राहिले, तर अजून पाच मिनिटं. एकसंध, संथ सरकली आणि मागे दुधाचा पांढरा पातळ थर राहिला, तर पुरीसाठी बरोबर. सरकलीच नाही, गठ्ठ्याने घसरली, तर जास्त झाली. तेव्हा उकळून गरम असलेलं दूध 100-100 मिली घालत जा, आणि प्रत्येक 100 मिलीमागे 9 ग्रॅम साखर वाढवायला विसरू नका. हे सगळं डोळ्याने होतं, चाखावं लागत नाही. ताटलीतली खीर परत पातेल्यात टाकू नका.

थंड कपातून विकायची असेल तर हीच ताटली फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवून बघा. त्या खिरीसाठी गॅस आणखी आधी बंद करावा लागतो.

कण दिसले म्हणून घाबरू नका, पण ओळखा. ताटलीतला कण बोटाने दाबा. मऊ दाबला गेला आणि आजूबाजूला दूध पांढरंच आहे, तर ती तांदळाची कणी. कणाभोवती पिवळट-हिरवट पाणी सुटलेलं दिसलं, तर दूध फाटलंय आणि ही खीर द्यायची नाही.

गोडी: साखर दुधावर नाही, तयार खिरीवर मोजा

"लिटरला किती साखर?" हा प्रश्न मला व्हिडिओखाली नेहमी येतो. त्याला नेमकं उत्तर नाही, कारण एक जण लिटरचं पाऊण करतो, दुसरा अर्धं. अर्धं केलं तर तीच साखर जास्त गोड लागणार, शिवाय दुधाची स्वतःची गोडीही आटून वाढते. म्हणून साखर तयार खिरीच्या वजनावर ठरवा. आपल्या 5 किलोत 450 ग्रॅम म्हणजे 9 टक्के.

पण 9 हा तुमच्या गिऱ्हाइकांचा आकडा आहे का, ते ऑर्डरच्या आधी एखाद्या साध्या दिवशी ठरवा. लिटरभर दुधाची बिनसाखरेची खीर करा. चार वाट्यांत अनुक्रमे 92, 91, 90 आणि 89 ग्रॅम खीर घ्या आणि गरम असतानाच 8, 9, 10 आणि 11 ग्रॅम साखर विरघळवा. प्रत्येक वाटी 100 ग्रॅमची झाली. कोमट झाल्यावर पुरीबरोबर चार-पाच जणांना द्या, मधे पाणी प्यायला सांगा. "कशी आहे?" विचारलं तर सगळे छानच म्हणतील. त्यापेक्षा कोणत्या वाटीत किती उरलं ते बघा. सगळ्यात आधी रिकामी झालेली वाटी म्हणजे तुमचा आकडा. कोमट खिरीपेक्षा थंड खीर कमी गोड लागते, म्हणून कपाच्या खिरीसाठी ही परीक्षा थंड करून वेगळी घ्या.

ऑर्डरच्या दिवशी भात घातल्यानंतरची 20 मिनिटं झाली की साखर घाला, आधी नाही. साखर आधी पडली तर दाणा मऊ व्हायला वेळ लागतो आणि बूडही लवकर धरतं. साखर विरघळली की खीर एकदम पातळ झाल्यासारखी वाटेल. 450 ग्रॅम साखरेने पाव लिटरपेक्षा थोडी जास्तच भर पडते, त्यामुळे ते बरोबरच आहे. पाच-सात मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करा, फेस बसला की दुसरी खाच बघा. खीर त्या खाचेला, म्हणजे पावणेपाच लिटरच्या आसपास असली, की वजन 5 किलो आणि गोडी 9 टक्के. ताटलीची परीक्षा याच वेळी घ्या. खीर खाचेच्या बरीच वर असेल तर आणखी आटवा. खाली गेली असेल तर वर सांगितल्याप्रमाणे गरम दूध घालून खाचेवर आणा. इथे मात्र जादा साखर नको, कारण साखर पातेल्यात आहेच, फक्त पाणी जास्त उडालंय. म्हणजे दूध घालण्याआधी खाच बघायची. खाचेपर्यंतचं दूध बिनसाखरेचं, त्याच्या वर घातलेल्या दुधालाच साखर.

सकाळचं घड्याळ

आठला दूध चढवा, साडेआठपर्यंत उकळी. सव्वानऊला पहिली खाच आणि भात. नऊ पस्तीसला साखर, पावणेदहाला गॅस बंद. वेलची, जायफळ, तुपावर परतलेली चारोळी आणि बेदाणे तेव्हाच. तुमचा बर्नर लहान असेल तर अर्धा तास आधी सुरू करा. वाफेची खीर थेट हॉटपॉटमध्ये भरा, कारण दूध-भाताचा पदार्थ कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवला तर बिघडतो. जेवण होईपर्यंत गरमच ठेवा आणि उरलेली लगेच फ्रीजमध्ये टाका, असं ऑर्डर देताना सांगा.

हे माप 5 लिटरचं आहे. 10 लिटरची ऑर्डर आली तर सगळं दुप्पट करून एकाच पातेल्यात घालू नका. दुधाची खोली वाढते, आटायला खूपच वेळ लागतो, रंग तांबूस होतो आणि बुडाचा धोका वाढतो. दोन बर्नर, दोन पातेली. एक बिघडलं तरी निम्मी ऑर्डर हातात राहते.

या आठवड्याचं काम एवढंच: उलथन्याला दोन खाचा आणि चार वाट्यांची परीक्षा. तुमच्या गिऱ्हाइकांचा साखरेचा आकडा किती आला, ते व्हिडिओखाली लिहा. पुढच्या भागात हीच खीर थंड कपात भरून विकताना किंमत कशी काढायची ते बघू.